साखरपुड्याचे फोटो टॅग केले, पण त्याच्या पानावर काहीच दिसत नाही: यावरून काय समजावे?

इंदुरी_जिरावण
नमस्कार मंडळी. मी इंदूरची, वय २७. माघात माझा साखरपुडा बडोद्याच्या मुलाशी झाला आणि लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी मी फेसबुकवर चौदा फोटो टाकले आणि त्यांतल्या तीन फोटोंमध्ये त्याला टॅग केले. त्याच सुमारास रिलेशनशिप स्टेटसमध्ये साखरपुडा झाल्याची नोंद करून त्याचे नाव घातले. आज चार महिने होत आले, तरी त्याने ती विनंती स्वीकारलेली नाही. टॅग केलेले तीन फोटो त्याच्या पानावर नाहीत. तिथे सगळ्यात वर अजून कॉलेजच्या क्रिकेट संघाचा फोटो आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर त्याची जुनी मोटारसायकल.

एरवी तक्रारीला जागा नाही, हेही लिहायला हवे. रोज रात्री दहाला त्याचा फोन येतो. या काळात तो तीनदा इंदूरला येऊन गेला, आणि आजीला सराफ्यातला भुट्ट्याचा कीस आवडतो हे लक्षात ठेवून दर वेळी तिच्यासाठी बांधून आणला. पण परवा मावशीने विचारले, "त्याच्या फेसबुकावर तू कुठेच कशी नाहीस गं?" तेव्हापासून तो प्रश्न मनातून जात नाही. जोडीदार आपल्या नात्याकडे कसा पाहतो हे अशा गोष्टींवरून खरोखर कळते, की मी उगाच अर्थ काढते आहे?

सुरसागर_काठ
बडोद्याच्या मुलाने मोटारसायकलीचा फोटो ठेवला आहे म्हणजे पहिले प्रेम अजून टिकून आहे. काळजी करू नका, डिक्कीत तुमच्यासाठी जागा होईल.

सडेतोड
गोड बोलण्यात अर्थ नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. त्याने तुमचा टॅग काढून टाकला आहे. टॅग आपोआप निघत नाही, त्यासाठी माणसाला मुद्दाम बटण दाबावे लागते. आपले नाते चारचौघांत दिसू नये असे ज्याला वाटते, त्याला दुसरा दरवाजा उघडा ठेवायचा असतो. मी पुरुष आहे आणि माझ्या मित्रांमध्ये हे पाहिलेले आहे. फोन, भेटी, खाऊ हे सगळे तुमच्यापुरते झाले. जगापुढे तो अजून अविवाहितच आहे.

दौलतगंज_लष्कर
चि. इंदूरकर कन्येस आशीर्वाद. मुलाच्या स्टेटसबद्दल चार महिन्यांनी शंका येणे बरे नव्हे. ही चौकशी साखरपुड्याआधीच व्हायला हवी होती. आमच्या ग्वाल्हेरात वडीलधारी माणसे नोकरी, घर, कुलदैवत, सगळे पाहून मगच सुपारी फोडत. बडोद्यात माझे साडू आहेत. घराण्याचे नाव खासगीत कळवल्यास मी माहिती काढून देईन.

सुरसागर_काठ
काका, ते स्टेटस वेगळे. तुम्ही म्हणता ते घराण्याचे, आणि ताई म्हणतात ते चोवीस तासांत पुसले जाणारे.

टॅगमुक्त
सुरसागर, चोवीस तासांत पुसले जाते ते व्हॉट्सअ‍ॅपचे. फेसबुकचे रिलेशनशिप स्टेटस माणूस स्वतः बदलेपर्यंत तसेच राहते, आणि इथे प्रश्न त्याचाच आहे. आधी हे वेगळे करू, कारण प्रत्येक खुणेच्या मागे माणसाने किती हालचाल केली असेल त्याचा हिशेब निरनिराळा आहे.

सडेतोड यांचे विधान तपासता येते. फेसबुकवर टॅगचे तीन प्रकार होऊ शकतात. पहिला म्हणजे त्याने पडताळणीची सोय चालू ठेवली आहे, म्हणून कोणीही टॅग केलेली पोस्ट त्याच्या मंजुरीच्या रांगेत जाऊन पडते. दुसरा, पोस्ट त्याने पाहिली आणि आपल्या पानावर येऊ दिली नाही. तिसरा, त्याने टॅगच काढून टाकला. पहिल्या दोन्ही प्रकारांत तुमच्या फोटोवर त्याचे नाव तसेच राहते, त्यावर बोट ठेवले की त्याचे पान उघडते, आणि तुमच्या दोघांच्या सामाईक परिचितांना तो फोटो नावासकट दिसतो. तिसऱ्या प्रकारात मात्र फोटोवरून ते नाव नाहीसे होते. तेव्हा जिरावणताई, आधी आपल्याच पानावर जाऊन ते तीन फोटो उघडा. नाव असेल, तर टॅग काढलेला नाही, आणि सडेतोड यांचा सगळा डोलारा ज्या एका खांबावर उभा आहे तो गेला.

पहिला आणि दुसरा प्रकार बाहेरून ओळखता येत नाही. पण एक वळसा घालता येतो. त्याच्या घरच्या कोणी त्याला टॅग केलेला एखादा निरुपद्रवी फोटो शोधा, वाढदिवसाचा, मुंजीचा, कसलाही. तोही त्याच्या पानावर नसेल, तर हा माणूस रांगेकडे फिरकतच नाही असे धरायला हरकत नाही. तो फोटो दिसतो आणि तुमचाच तेवढा दिसत नाही असे असेल, तर मात्र निवड झालेली आहे.

स्टेटसच्या विनंतीचे तसे नाही. तिथे त्याने होकार दिल्याशिवाय नाव जोडले जातच नाही, आणि त्याने दुर्लक्ष केले की सूचना पाहिलीच नाही, हे तुम्हाला तिथून कधीच कळणार नाही. ते त्यालाच विचारावे लागेल.

सडेतोड
टॅगबद्दल माझी चूक झाली असेल, पण मुद्दा तोच राहतो. ज्या माणसाला कौतुक असते तो चार महिन्यांत एकदा तरी रांगेकडे पाहतो.

अबोली_बडोदे
मी बडोद्यात मानसशास्त्राचे एम.ए. करते आहे आणि जोडप्यांच्या अशा वागण्यावरच छोटा प्रकल्प केला होता, म्हणून लिहिते. 'फोटो म्हणजे प्रेम' आणि 'फोटो म्हणजे देखावा' ही दोन्ही मते लोक तितक्याच ठामपणे सांगतात, आणि गंमत म्हणजे दोन्हींना थोडा थोडा आधार आहे.

२०१२ साली लॉरेन पॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५८ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जे पुरुष आपण नात्यात आहोत असे स्टेटसमध्ये लिहीत, आणि ज्या स्त्रिया प्रोफाइलवर जोडीदारासोबतचा फोटो ठेवत, ते स्वतः आणि त्यांचे जोडीदारही नात्याबद्दल अधिक समाधानी आढळले. म्हणजे एकच खूण स्त्री आणि पुरुष यांच्या बाबतीत सारखी बोलत नव्हती. आणखी एक गोष्ट त्यात होती, जी इथे लागू पडेल असे मला वाटते. स्टेटसवरून मतभेद झाल्याचे जिथे स्त्रीने सांगितले, तिथे त्या स्त्रीचे समाधान कमी होते, पुरुषाचे मात्र नाही.

पुढे २०१४ साली लिडिया एमरी आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांकडून रोजच्या नोंदी मागवल्या. ज्यांना फार जवळीक नकोशी वाटते त्यांना नाते लोकांपुढे कमी दिसावे असे वाटत होते, आणि ज्यांना जोडीदार आपल्याला सोडून जाईल अशी धास्ती असते त्यांना ते अधिक दिसावे असे वाटत होते. आणि ज्या दिवशी जोडीदाराच्या भावनांविषयी मनात जास्त शंका असे, त्या दिवशी लोक आपले नाते ऑनलाइन जास्त दाखवत. म्हणून एका फोटोवरून काही सांगता येत नाही. तोच फोटो भरल्या मनाने टाकलेला असू शकतो, नाहीतर घाबऱ्या मनाने.

ही सगळी तिकडची जोडपी आहेत, स्वतः जमवलेल्या नात्यातली, हे मात्र विसरू नये. फेसबुकावर आत्या, मामा, जुने मास्तर आणि हॉलचा मालक असे सगळे बसलेले असताना बडोद्याचा वाङ्निश्चय झालेला मुलगा काय करतो, हे त्या अभ्यासांतून कळत नाही.

सडेतोड
म्हणजे जास्त फोटो टाकणारे असुरक्षित असतात, हे शास्त्रानेच सिद्ध झाले म्हणायचे.

अबोली_बडोदे
नाही. एका माणसाच्या दोन दिवसांची तुलना आणि दोन माणसांची तुलना, या निरनिराळ्या गोष्टी आहेत. शिवाय समाधान जास्त असते त्या दिवशीही लोक नात्याविषयी अधिक लिहितात, असेही आढळलेले आहे. आपल्याला हवे तेवढेच वाक्य उचलू नका.

रेवातीर
मी सहसा इथे लिहीत नाही, पण माझा अनुभव बरोबर उलट आहे म्हणून लिहावासा वाटला.

माझ्या पूर्वीच्या नात्यात फोटोंना तोटा नव्हता. आठवड्यातून तीनदा तरी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला आम्ही दोघे असायचो. छप्पन दुकानवर खाताना, खजराण्याला दर्शन घेताना, पाताळपाणीच्या धबधब्याजवळ. मैत्रिणी म्हणायच्या, किती नशीबवान आहेस. दीड वर्षाने एका लग्नात त्याची कार्यालयातली सहकारी भेटली, तेव्हा तिला मी कोण हे ठाऊकच नव्हते. बोलता बोलता लक्षात आले की आमचा एकही फोटो तिला कधी दिसलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `My contacts except...` अशी सोय आहे, त्यात त्याने कार्यालयातले सगळे क्रमांक घातले होते. मला सगळे दिसत होते, कारण ते मला दाखवण्यासाठीच होते.

तेव्हापासून मी 'फोटो टाकला का' असे विचारतच नाही. 'तो कोणाला दिसतो' एवढेच विचारते.

टॅगमुक्त
रेवातीर, तुमच्या दुःखाला धक्का न लावता एक विचारतो. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस दिसायला दोघांच्याही फोनमध्ये एकमेकांचे क्रमांक साठवलेले असावे लागतात. त्या सहकारीने त्याचा क्रमांक साठवला असेल आणि त्याने तिचा साठवला नसेल, तर कोणीही काहीही न लपवता तिला स्टेटस दिसणार नाही. ही शक्यता तपासली होती का? याच कारणावरून मी दोन भांडणे होताना पाहिली आहेत.

रेवातीर
तपासली होती. त्याच्या क्रिकेटच्या सामन्यांची स्टेटस तिला नियमित दिसत असत, ती तर त्यांना उत्तरेही द्यायची. एकदा सकाळी त्याने दोन स्टेटस टाकली होती, एक संघाचे आणि एक आमचे. तिला पहिलेच दिसले होते.

टॅगमुक्त
मग प्रश्न मिटला. प्रत्येक स्टेटस टाकताना कोणाला दाखवायचे ते बदलता येते, आणि इथे ते बदललेले होते. हे नकळत होत नाही.

सुरसागर_काठ
इथे विनोद करवत नाही. रेवातीरताई, लिहिलेत हे बरे केलेत.

कमाटीबाग
आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली. यजमान दर वाढदिवसाला आमच्या फोटोखाली चार ओळींची कविता घालतात आणि मला टॅग करतात. मी दुपारी त्यांना विचारते की गॅस सिलिंडर लावला का, तर म्हणतात, "आधी लाइक कर." यावरून ते नात्याकडे कसे पाहतात हे कोणी सांगितले तर उपकार होतील.

बाडा_ग्वाल्हेर
फोटो न टाकण्याला आणखी एक कारण असते, ज्याचा इथे कोणी उल्लेख केला नाही. आमच्या घरी साखरपुडा ते लग्न या काळात जोडीचा फोटो कुठेही लावायचा नाही असा आईचा सक्त नियम होता, दृष्ट लागते म्हणून. मी अभियंता आहे, दृष्ट वगैरे मानत नाही. पण आईशी त्यावरून भांडावे इतके मला ते महत्त्वाचेही वाटले नाही. बायकोला मात्र मी कारण सांगितले नव्हते, कारण 'माझी आई असे मानते' हे सांगायची लाज वाटली. ती सात महिने मनात कुढत राहिली. लग्नानंतर तिने हे सांगितले तेव्हा मला समजले की लपवण्याजोगी गोष्ट फोटो नव्हती, ती माझी लाज होती. मुलाच्या घरी असे काही आहे का, ते विचारून पाहा.

दौलतगंज_लष्कर
माझ्या मुलाने मला आता समजावून सांगितले. माझा गैरसमज झाला होता, क्षमस्व. तरीही माझे मत असे की आमच्या वेळी साखरपुड्याचा एकच फोटो निघायचा, तो दोन्ही घरांच्या दिवाणखान्यात लागायचा, आणि आल्यागेल्याला दिसायचा. तो कोणापासून लपवायची सोयच नव्हती. मुलाच्या बडोद्याच्या घरी भिंतीवर फोटो लागला आहे का, हे मी आधी पाहिले असते.

अबोली_बडोदे
काका, गैरसमज असो वा नसो, हा प्रश्न तुम्ही अचूक विचारलात. घरच्या भिंतीवरचा फोटो पाहणारे लोक ठरलेले असतात आणि ते सगळे त्याला ओळखतात. रेवातीर यांनी 'कोणाला दिसतो' म्हटले, त्याचेच हे जुने रूप झाले.

इंदुरी_जिरावण
सगळ्यांचे आभार. चार दिवसांत बरेच काही झाले, ते क्रमाने लिहिते.

आधी टॅगमुक्त यांनी सांगितले तसे माझे तीन फोटो उघडले. त्याचे नाव तिन्हींवर आहे आणि त्यावर बोट ठेवले की त्याचेच पान उघडते, म्हणजे टॅग काढलेला नाही. मग त्याच्या वहिनीचे पान पाहिले. त्यांनी वैशाखात पुतण्याच्या मुंजीचे फोटो टाकताना घरातल्या सगळ्यांना टॅग केले आहे. मांडीवर बटू घेऊन तो बसलेला दिसतो, पण त्याच्या स्वतःच्या पानावर तो फोटोही नाही. म्हणजे रांग सगळ्यांसाठी आहे, माझ्यापुरती नाही. दौलतगंज काकांच्या प्रश्नाचे उत्तर असे की साखरपुड्याचा फोटो त्यांच्या दांडिया बाजारातल्या घरी देवघराच्या बाहेर लावला आहे. मी तो व्हिडिओ कॉलवर अनेकदा पाहिला होता आणि कधी मोजलाच नव्हता.

एवढ्यावर थांबता आले असते, पण स्टेटसची विनंती राहतेच, म्हणून रात्रीच्या फोनवर सरळ विचारले. 'तू का नाही स्वीकारलेस' असे विचारले नाही. मावशी काय म्हणाली ते सांगितले, आणि तेव्हापासून मला कसे वाटते आहे ते सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की विनंती त्याने पहिल्याच दिवशी पाहिली होती.

त्याची एक सोयरीक दोन वर्षांपूर्वी मोडली होती, हे आम्हाला आधीपासून ठाऊक आहे, दोन्ही घरांत त्याबद्दल मोकळेपणाने बोलणे झाले होते. ठाऊक नव्हते ते हे, की त्या वेळी त्याने सगळे फोटो टाकले होते, स्टेटसही बदलले होते. मोडल्यावर एकेक फोटो बसून काढावा लागला, आणि पुढचे सहा महिने मंगळ बाजारात, गरब्याच्या मैदानावर, दुधाच्या डेअरीत लोक त्याला विचारत राहिले की काय रे, फोटो कुठे गेले. तो म्हणाला, "तुझ्याबद्दल शंका नाही. पण अक्षता पडेपर्यंत मला ते बटण दाबवत नाही."

बाडा_ग्वाल्हेर
हे समजण्यासारखे आहे. विचारलेत आणि त्याने सांगितले, दोन्ही चांगले झाले.

सडेतोड
मी खलनायक व्हायला तयार आहे, म्हणून विचारतो. 'अक्षता पडेपर्यंत नाही' याचा अर्थ, हेही मोडू शकते असे त्याने मनात धरलेले आहे, असाच होत नाही का? टॅगबद्दल मी चुकलो, पण विनंती त्याने पाहिली आणि चार महिने तशीच ठेवली, हे तर आता त्याने स्वतःच मान्य केले.

अबोली_बडोदे
ते मोडण्याची तयारी ठेवणे आहे की मोडल्याची आठवण आहे, हे बाहेरून सारखेच दिसते. मला तुमचे वाचन चूक वाटते, पण खात्रीने खोडता येईल असे माझ्याजवळ काही नाही.

रेवातीर
माझ्या मते फरक असा आहे की त्याने कारण सांगताना स्वतःची फजिती सांगितली. माझ्या वेळी जी कारणे मिळत, त्यांत तो नेहमी छानच दिसायचा. अर्थात मी दुधाने तोंड पोळलेली आहे, ताकही फुंकूनच पिते. तेव्हा एवढेच विचारते की चार महिने त्याने स्वतःहून का सांगितले नाही.

इंदुरी_जिरावण
तेच मीही विचारले. म्हणाला, तू विचारशील तेव्हा सांगेन असे ठरवले होते, आणि तू विचारत नव्हतीस म्हणजे तुला फरक पडत नाही असे वाटले. हे उत्तर मला पूर्ण पटलेले नाही, आणि तसे मी त्याला सांगितले आहे. विनंती मी माझ्या बाजूनेच मागे घेतली. रागाने नव्हे. ती तिथे लोंबकळत राहिली की मी रोज पाहत बसते.

एक लहानशी गोष्ट राहिली. काल सकाळी त्याने व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी बदलला. मागच्या भेटीत आम्ही राजवाड्याजवळ पोहे खाल्ले होते, तेव्हाचा फोटो आहे. दोन बशा, एका बशीवर जिरावण इतके की पोहे दिसत नाहीत, आणि कडेला अंगठी घातलेला माझा हात. चेहरा कोणाचाच नाही.

सुरसागर_काठ
मोटारसायकल गेली! बडोद्यात आज अर्धी काठी ध्वज.

कमाटीबाग
हातावरून तुम्हाला ओळखतील असे बडोद्यात फार लोक नसतील, पण अंगठीवरून जे ओळखायचे ते सगळे ओळखतील. आमचे यजमान असा फोटो काढणार नाहीत, कविता मात्र पाठवतील.

सडेतोड
अभिनंदन. पण रेवातीर यांचा प्रश्न मीच विचारतो, कारण दुसरे कोणी विचारणार नाही असे दिसते. डीपीलाही तीच वगळण्याची सोय असते. तो कोणाकोणाला दिसतो आहे?

इंदुरी_जिरावण
माझ्या आईच्या, मावशीच्या आणि त्याच्या वहिनीच्या, तिन्ही फोनवर दिसतो, ते मी पाहिले. त्याच्या कार्यालयातल्या कोणाचाही क्रमांक माझ्याकडे नाही.